पिन बसली म्हणजे जमलं असं नाही : आमच्या घरी उतरणाऱ्यांसाठी चार्जर आणि सॉकेटची चिठ्ठी

चाळीसगावहून पाटणादेवीकडे जाणाऱ्या रस्त्याला आमचं घर आहे. पुढच्या दोन खोल्या आम्ही पाहुण्यांना देतो. कधी आम्ही दोघं लेकीकडे गेलो की पंधरा-वीस दिवस घर राखायलाही कोणीतरी राहतं. येणारा प्रत्येक जण पहिल्या तासाभरात एकच प्रश्न विचारतो, "काका, चार्जिंगला कुठे लावू?" पूर्वी बोट दाखवलं की भागायचं. आता एकेका पाहुण्याच्या बॅगेत पाच वस्तू असतात आणि आमच्या टेबलाच्या खणात सात चार्जर. म्हणून कपाटाच्या दाराला आतून एक चिठ्ठी लावली होती. ती लांबत गेली, तोच हा लेख.

परवाच एक मुलगा खण बघून हसला. "काका, आता सगळ्याला टाइप-सी झालंय, एवढं म्युझियम कशाला?" त्याचं अगदीच चूक नव्हतं. युरोपियन युनियनने २८ डिसेंबर २०२४ पासून तिथे विकल्या जाणाऱ्या नव्या फोनना टाइप-सी सक्तीचं केलं, आणि लॅपटॉपसाठी २८ एप्रिल २०२६ ही तारीख ठरवली. तिथली सक्ती असली तरी कंपन्या जगासाठी वेगवेगळे फोन बनवत बसत नाहीत, त्यामुळे इथेही तेच तोंड आलं. आयफोनसुद्धा २०२३ च्या सप्टेंबरात त्या वाटेला लागला. पण तोंड एक झालं म्हणून पोट एक होत नाही. आमचा वायरमन अहिराणीत विचारतो, "पिन बठनी म्हंजे जमनं का?" त्याच्या त्या प्रश्नाचं उत्तर खाली देतो.

## आधी तीन शब्द, मग पुन्हा त्रास देणार नाही

गच्चीवर पाण्याची टाकी आहे असं समजा. टाकी जितकी उंच, तितका खाली नळाला जोर. विजेतला हा जोर म्हणजे व्होल्ट. नळातून प्रत्यक्षात किती पाणी वाहतं, ते अँपिअर. जोर आणि वाहणं यांचा गुणाकार म्हणजे वॉट, म्हणजे दर सेकंदाला किती काम होतं ते. भिंतीतला जोर आपल्याकडे २३० व्होल्ट. फोनच्या बॅटरीला लागतो पाचाच्या आसपास. मधला उतार करून देणारा डबा म्हणजे चार्जर किंवा अडॅप्टर.

यातली एकच गोष्ट लक्षात ठेवा. जोर चार्जर ठरवतो, पाणी वस्तू ओढते. त्यामुळे व्होल्ट जुळायलाच हवेत. अँपिअर मात्र चार्जरवर जास्त लिहिलेले असले तर बिघडत नाही, कारण वस्तू आपल्याला हवे तेवढेच घेते. कमी असले तर मात्र चार्जर धापा टाकतो.

## गोल पिनचे चार्जर : हे मुके असतात

घरात तीन काळे अडॅप्टर आहेत, दोन टीव्हीखाली आणि एक खणात. तिन्हींची पिन गोल, मधे भोक, आणि तिन्ही एकमेकांच्या वस्तूंत बसतात. सगळ्यात जास्त घोळ यांनीच घातलाय.

गेल्या वर्षी एका पाहुण्यांनी जुना लॅपटॉप आणला होता. रात्री त्यांना टेबलाजवळचा सॉकेट हवा होता, म्हणून वायफायच्या राउटरची पिन काढली. सकाळी घाईत ती परत लावली, पण लावली ती लॅपटॉपची. पिन जरा सैल बसली, पण बसली. राउटरवरचे दिवे क्षणभर नेहमीपेक्षा लख्ख लागले, मग सगळे विझले आणि जळक्या प्लॅस्टिकचा वास आला. राउटरला हवे होते १२ व्होल्ट आणि लॅपटॉपच्या अडॅप्टरने दिले १९. गृहस्थ बिचारे पुन्हा पुन्हा म्हणत होते, "पण बसली हो व्यवस्थित!"

बसणारच. या गोल पिनांना बाहेरून साडेपाच मिलिमीटरचं माप फार वापरतात. आतलं भोक कधी २.१ मिलिमीटरचं, कधी २.५ चं. अडीचवाली पिन दोन-एकच्या दांडीवर चढते, फक्त थोडी हलते. म्हणून गोल पिन लावताना सैल लागली, तर थांबून अडॅप्टर उलटा करून वाचा.

अडॅप्टरच्या पोटावर बारीक इंग्रजी अक्षरांत दोन ओळी असतात. इनपुटच्या ओळीत १०० ते २४० व्होल्ट लिहिलेलं असतं, ती भिंतीची बाजू, सोडून द्या. वाचायची ती आउटपुटची ओळ. आमच्या राउटरच्या अडॅप्टरवर १२ व्होल्ट १ अँपिअर आहे. टीव्हीच्या सेट-टॉप बॉक्सच्या अडॅप्टरवर १२ व्होल्ट दीड अँपिअर. आता हे दोन अदलाबदल झाले तर? बॉक्सचा अडॅप्टर राउटरला लावला तर चालेल, जोर तोच आहे आणि पाणी जास्तच उपलब्ध आहे. उलटं केलं, तर राउटरचा छोटा अडॅप्टर बॉक्सला पुरत नाही. बॉक्स मधेच बंद होऊन पुन्हा सुरू होतो आणि अडॅप्टर हाताला चटका बसण्याइतका तापतो. मालिका ऐन रंगात असताना टीव्ही असा गचके खाऊ लागला, तर केबलवाल्याला फोन करण्याआधी अडॅप्टर बघा.

तिसरा अडॅप्टर आईच्या बीपी मशीनचा, ६ व्होल्टचा. तो खणात वेगळ्या पिशवीत ठेवलाय, तिथेच राहू द्या. बीपी मशीन सेलवरही चालतं. अडॅप्टर सापडला नाही म्हणून दुसरा लावून बघू, हा प्रयोग कृपा करून करू नका. काही वस्तूंत गोल पिनच्या आत अधिक आणि बाहेर उणे असतं, काहींत उलट. लेबलवर एका ठिपक्याभोवती अर्धवट गोल काढून त्याच्या दोन बाजूंना अधिक-उणेच्या खुणा दिलेल्या असतात, त्या वस्तूवरच्या खुणांशी जुळाव्या लागतात.

मी आता तिन्ही अडॅप्टरांच्या पिनेजवळ कागदी पट्टी चिकटवून वस्तूचं नाव लिहिलंय. पट्टी निघाली असेल तर विचारा, अंदाजाने लावू नका.

## टाइप-सी : हे आधी बोलतात, मग देतात

टाइप-सीचा चार्जर मुका नसतो. तुम्ही वायर जोडली की फोन आणि चार्जर यांच्यात आधी बोलणं होतं. चार्जर सांगतो, माझ्याकडे ५ व्होल्ट आहेत, ९ आहेत, १५ आहेत, २० आहेत. फोन म्हणतो, मला ९ चालतील. मग चार्जर ९ देतो. बोलणं जमलंच नाही, तर ५ व्होल्टवर साधं, हळू चार्जिंग होतं. बाजारात भाव ठरल्याशिवाय माल हलत नाही, तसंच.

म्हणूनच पाहुणे घाबरून विचारतात तो प्रश्न, "माझा फोन २० वॉटचा आणि तुमचा चार्जर ६५ वॉटचा, जळेल का?" नाही जळणार. ६५ ही चार्जरची जास्तीत जास्त ताकद, फोन त्यातलं आपल्यापुरतं मागतो. बेडरूमच्या टेबलावर पांढरा ६५ वॉटचा चार्जर आहे, तो फोन, टॅब आणि टाइप-सीचा लॅपटॉप यांना बिनधास्त लावा.

उलट बाजूचा प्रश्नही येतो. "फोनच्या २० वॉटच्या चार्जरवर लॅपटॉप चार्ज होईल का?" बहुतेक वेळा नाही. फोनच्या लहान चार्जरकडे ९ व्होल्टपर्यंतच माल असतो आणि बरेच लॅपटॉप १५ किंवा २० मागतात. मग लॅपटॉप एक तर गप्प राहतो, किंवा चार्जर मंद असल्याचा संदेश दाखवतो. बिघडत काही नाही, पण सकाळी उठून बघाल तर बॅटरी होती तिथेच.

हॉलमध्ये मुलाचा जाडजूड ८० वॉटचा चार्जर आहे. तो बघून पाहुण्यांच्या तोंडाला पाणी सुटतं. पण ते ८० वॉट त्याच्या कंपनीच्या फोनला आणि त्याच्याच जाड वायरीवर मिळतात, कारण त्या दोघांची बोली त्यांच्या घरातली आहे. तुमचा फोन दुसऱ्या कंपनीचा असेल, तर त्याला ती बोली कळत नाही आणि तो साध्या वेगाने चार्ज होतो. चार्जर बिघडलाय अशी तक्रार दर महिन्याला एकदा तरी येते.

वायरीबद्दल एवढंच, की टाइप-सीची साधी वायर ३ अँपिअरपर्यंतची असते, म्हणजे २० व्होल्टला ६० वॉट. त्यापुढे जायचं तर वायरीच्या तोंडात एक चिप लागते, तिच्यावर ५ अँपिअर म्हणजे १०० वॉट जातात. चिप नसली तर चार्जर आपणहून ६० वर थांबतो. दिसायला दोन्ही वायरी सारख्याच. आमच्याकडे चिपवाली एकच आहे, काळी, विणलेल्या दोऱ्याची. ती लॅपटॉपला ठेवा.

## टॉर्च मेली नाही, तिला विचारता येत नाही

आता ज्या गोष्टीने आम्हाला स्वतःला दोन महिने फसवलं ती सांगतो.

घरात चार्जिंगची एक टॉर्च आहे. तिला टाइप-सीचं तोंड आहे. दुकानदाराने वायर दिली होती, ती हरवली. एका पाहुण्यांनी आपल्या नव्या चार्जरला दोन्ही टोकांना टाइप-सी असलेली वायर लावून टॉर्च चार्जिंगला ठेवली. रात्रभर ठेवली. सकाळी टॉर्च मिणमिणतीसुद्धा नाही. आम्हीही दुसऱ्या चार्जरवर तीच वायर लावून बघितली, काही नाही. टॉर्च मेली म्हणून अडगळीत टाकली. नंतर भाच्याने जुन्या फोनच्या चार्जरला, म्हणजे चपट्या चौकोनी मोठ्या तोंडाच्या चार्जरला वायर जोडून ती लावली, आणि लाल दिवा लागला.

कारण असं. जुना चौकोनी तोंडाचा चार्जर म्हणजे ओट्यावर ठेवलेला माठ. कोणीही या, पाणी प्या. त्याच्या तोंडाशी ५ व्होल्ट कायम तयार असतात. टाइप-सी तोंडाचा चार्जर मात्र दार लावून बसतो. समोर खरंच कोणी आहे हे कळेपर्यंत तो तारेत वीजच सोडत नाही. वस्तूने "मी आहे" हे सांगायचं ते ५.१ किलोओहमच्या दोन इवल्याशा रेझिस्टरनी. रेझिस्टर म्हणजे विजेला थोडं अडवणारा ज्वारीच्या दाण्याहूनही लहान भाग, किंमत पैशांत. स्वस्त टॉर्च, दाढीचा ट्रिमर, मानेत अडकवायचा पंखा अशा वस्तू बनवणारे कित्येकदा ते दोन भाग टाकतच नाहीत. टॉर्च दारात उभी असते पण कडी वाजवत नाही, आणि आत बसलेल्याला वाटतं बाहेर कोणी नाही.

म्हणून आमच्या घरातली टॉर्च, ट्रिमर आणि लहान पंखा यांना दोन्हीकडे टाइप-सीची वायर चालत नाही. एका टोकाला चौकोनी आणि दुसऱ्या टोकाला टाइप-सी अशी आखूड पांढरी वायर दाराजवळच्या खिळ्याला टांगलेली आहे, तीच लावा. तुमचीही एखादी वस्तू अशीच रुसत असेल, तर फेकण्याआधी हीच वायर लावून बघा. कधीकधी दोनपैकी एकच रेझिस्टर बसवलेला असतो. अशी वस्तू वायरीचं तोंड उलटं फिरवून लावलं की चार्ज होते आणि सुलटं लावलं की नाही. ज्याला हे ठाऊक नाही त्याला वायरीत भूत असल्यासारखंच वाटतं.

डास मारायच्या बॅटचं प्रकरण निराळं आहे. तिच्या मुठीतून दोन पिना थेट बाहेर येतात आणि भिंतीत जातात. आत उतार करणारा खरा अडॅप्टर नसतो, स्वस्तातली जोडणी असते, त्यामुळे भिंतीतली वीज बॅटच्या जाळीपासून फार लांब नसते. चार्जिंगला असताना बटण दाबायचं नाही, जाळीला हात लावायचा नाही. भरल्यावर ती आपोआप थांबतही नाही, म्हणून चार-सहा तासांनी काढून ठेवा.

## भिंतीतल्या सॉकेटला बारीक भोकं आणि जाड भोकं का असतात

भिंतीच्या बाजूला पिनची जाडीच सांगते की किती ओढायचं. लहान तीन भोकांचा सॉकेट ६ अँपिअरचा, म्हणजे २३० ने गुणल्यावर साधारण १३८० वॉट. मोठ्या भोकांचा, ज्याला आपण पॉवर पॉइंट म्हणतो, तो १६ अँपिअरचा, ३६८० वॉटपर्यंत. गिझर, इंडक्शन शेगडी, पाणी तापवायचा रॉड, किटली यांच्या पिना जाड आहेत, त्या पॉवर पॉइंटलाच जातात. आमच्या घरात असे चार पॉइंट आहेत, त्यांच्या शेजारी लाल टिपका आहे. आधी टिकल्या लावल्या होत्या, पण मे महिन्यात गोंद वितळून त्या घरंगळल्या. आता नेलपॉलिश आहे. मिक्सर, इस्त्री, टीव्ही आणि सगळे चार्जर लहान सॉकेटला. (मिक्सर चटणीसाठी. भरीत मिक्सरला लावलेलं दिसलं तर आई पुढच्या वेळी खोली देणार नाही, ते कुटायला लाकडी बडजी ठेवलेली आहे.)

जाड पिन लहान सॉकेटला लावून देणारी एक पळवाट बाजारात मिळते, तिला कन्व्हर्टर प्लग म्हणतात. त्याने पिन बसते आणि इथेच पुन्हा तो वायरमनचा प्रश्न येतो. डिसेंबरात एका कुटुंबाने असंच केलं होतं. खोलीतल्या एक्स्टेंशन बोर्डावर आधी इस्त्री होती, मग कन्व्हर्टर लावून किटली. इस्त्री १००० वॉट, किटली १५००. बेरीज २५००, भागिले २३०, म्हणजे जवळजवळ ११ अँपिअर. बोर्डाची स्वतःची पिन ६ अँपिअरची. वाहणं दुपटीच्या जवळ गेलं की तारेतली उष्णता तिपटीहून जास्त होते, कारण ती वर्गाने वाढते. दहा मिनिटांत बोर्डाच्या पिनेभोवतीचं प्लॅस्टिक तपकिरी झालं.

"मग एमसीबी का पडला नाही?" असं त्यांनी विचारलं, आणि प्रश्न रास्त आहे. एमसीबी म्हणजे जास्त वीज ओढली की आपोआप पडणारा स्विच, तो भिंतीतल्या जाड वायरीची राखण करतो. त्यापुढे तुम्ही जोडलेली बारीक वायर त्याला दिसत नाही. त्याच्या हिशेबाने ११ अँपिअर म्हणजे काही आगडोंब नव्हे. म्हणून बोर्डाची पिन अधूनमधून हाताने चाचपा. कोमट असेल तर ठीक, हात ठेववत नसेल तर बटण बंद करून काहीतरी काढा. सॉकेटवर पिवळट-तपकिरी डाग किंवा मासळीसारखा वास आला, तर तो सॉकेट वापरू नका, आम्हाला सांगा.

## कुलरची तिसरी पिन

खानदेशातला उन्हाळा तुम्हाला सांगायला नको. पारा ४४-४५ ला गेला की कुलर रात्रंदिवस चालतो. कुलर ओढतो कमीच, आमचा १८० वॉटचा आहे, म्हणजे एक अँपिअरही नाही. लहान सॉकेट पुरतो. पण घरातली सगळ्यात जपून वापरायची वस्तू तीच. पत्र्याची बॉडी, आत पाणी, शेजारी ओली फरशी, आणि माणूस अनवाणी.

तीन पिनांपैकी वरची जाड पिन अर्थिंगची. ती बाकीच्या दोघींपेक्षा लांबही असते, ते मुद्दाम. लावताना ती सगळ्यात आधी टेकते आणि काढताना सगळ्यात शेवटी सुटते, म्हणजे वीज असेपर्यंत जमिनीचा आधार असतोच. आत कुठे तार सुटून पत्र्याला लागली, तर वीज तुमच्या अंगातून न जाता या पिनेतून जमिनीत जाते. कुलरला दोन पिनांचा प्लग लावला, की तो आधार गेला. कुलर चालतो मात्र तसाच, थंड हवाही तशीच. त्यामुळे काही महिने कुणाला पत्ता लागत नाही.

पाहुण्यांतले जाणकार इथे एक शंका काढतात. "लॅपटॉपच्या पत्र्याला हात लावला की झिणझिण्या येतात, तेही तसंच का?" नाही. लॅपटॉपचा अडॅप्टर दोन पिनांचा असेल, तर त्यातल्या गाळणीच्या भागातून अगदी किंचित वीज बॉडीवर येते. ती चार्जरच्या बनावटीतच असते, अस्वस्थ करते पण इजा करण्याइतकी नसते. तीन पिनांची वायर लावली की बहुतेक थांबते. कुलर, फ्रिज, वॉशिंग मशीन यांना हात लावल्यावर तसं जाणवलं, तर मात्र किंचित म्हणून सोडून देऊ नका. हात मागे घ्या, भिंतीतलं बटण बंद करा, पिन काढा आणि आम्हाला फोन करा. कुलरमध्ये पाणी भरतानाही बटण बंद करून पिन काढलेलीच हवी.

मीटरजवळ एक रुंद स्विच आहे, लोक त्याला ईएलसीबी म्हणतात. गेलेली वीज आणि परत आलेली वीज यांत ३० मिलिअँपिअरपर्यंतचा फरक पडला की तो घर बंद करतो. तो पडला तर सारखा वर ढकलत बसू नका. शेवटी जी वस्तू लावली ती काढा, मग एकदाच वर करा. राहिला तर दोष त्या वस्तूत. नाही राहिला तर आम्हाला कळवा.

## उन्हात फोन चार्ज का होत नाही

दुपारी खिडकीत ठेवलेला फोन "तापमान जास्त" असं म्हणून चार्जिंग थांबवतो. चार्जर चांगला असतो. लिथियमची बॅटरी साधारण ४५ अंशांपर्यंतच चार्ज करायची असते आणि आमच्या खिडकीचा कठडा त्याच्या वर असतो. फोन फरशीवर ठेवा, कव्हर काढा, थोडा वेळ थांबा. फ्रिजमध्ये ठेवू नका, बाहेर काढल्यावर आत दव धरतं. उशीखाली ठेवून रात्रभर चार्जिंगही नको. फोन स्वतः भरल्यावर थांबतो, पण उशीखालची ऊब कुठे जाणार?

## लाईट गेली तर

हिरवा टिपका असलेला एकच सॉकेट इन्व्हर्टरवर आहे, हॉलमध्ये टीव्हीच्या डाव्या बाजूला. पंखे, दिवे आणि राउटर आधीच इन्व्हर्टरवर आहेत. या सॉकेटला फोन आणि लॅपटॉप लावा. इस्त्री किंवा मिक्सर लावला तर इन्व्हर्टर शिट्टी वाजवून सगळंच बंद करेल, आणि मग अंधारात तुम्हाला ती टॉर्च शोधावी लागेल. ती दाराच्या मागे आहे. पांढरी वायर तिच्या शेजारच्याच खिळ्याला, वापरून झाली की परत तिथेच टांगा.